सतत यादृच्छिक मार्गाची कमाल आणि परावर्तन तत्त्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी आणि लातूर येथील संख्याशास्त्र व गणिताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून आणि शेतमालाच्या भावांचा अभ्यास करणाऱ्या काही वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव आज क्विंटलला ४,५०० रुपये आहे आणि पुढील २५ दिवसांत तो एकदा तरी ४,८०० ला टेकेल काय, हा त्यातला प्रश्न. हे आकडे गणित सोपे व्हावे म्हणून घेतलेले आहेत. तो कोणत्याही हंगामाचा प्रत्यक्ष भाव समजू नये.

१. परावर्तन तत्त्व नेमके काय सांगते?

शून्यापासून निघालेला, दोन्ही दिशांना सारखाच झुकणारा सतत यादृच्छिक मार्ग W घ्या. 0 ते t या काळात त्याने गाठलेल्या सर्वांत उंच मूल्याला M_t म्हणू. a ही शून्याच्या वरची कोणतीही पातळी असेल, तर

P(M_t ≥ a) = 2 · P(W_t ≥ a)

म्हणजे मार्ग वाटेत कधीतरी a पर्यंत पोचण्याची संभाव्यता ही तो अखेरच्या क्षणी a च्या वर असण्याच्या संभाव्यतेच्या बरोबर दुप्पट असते. डावीकडील राशी संपूर्ण मार्गाविषयी बोलते आणि उजवीकडील राशी केवळ एका क्षणाविषयी. एका क्षणाचे वितरण प्रसामान्य असल्यामुळे ते कोष्टकातून वाचता येते, आणि त्यामुळे अनंत क्षणांच्या कमालीचा अवघड दिसणारा प्रश्न एका ओळीत सुटतो.

२. हा "सतत यादृच्छिक मार्ग" म्हणजे कोणताही मार्ग चालतो का?

नाही. येथे ब्राउनीय गती अभिप्रेत आहे. तिच्या चार अटी आहेत. मार्ग शून्यापासून सुरू होतो; एकमेकांवर न येणाऱ्या कालखंडांतील बदल परस्परांपासून स्वतंत्र असतात; u इतक्या कालखंडातील बदल सरासरी शून्य आणि प्रचरण σ²u असलेल्या प्रसामान्य वितरणाचा असतो; आणि मार्ग कुठेही तुटत नाही. पहिल्या प्रश्नातील सूत्रासाठी या चारही अटी लागतात. सरासरी शून्य नसेल तर काय होते ते प्रश्न ९ मध्ये आणि मार्ग तुटत असेल तर काय होते ते प्रश्न १३ मध्ये सांगितले आहे.

३. संभाव्यता बरोबर दुप्पटच का? तिप्पट किंवा दीडपट का नाही?

मार्ग a ला पहिल्यांदा ज्या क्षणी टेकतो त्या क्षणाला T म्हणू. तो टेकलाच नाही तर T अनंत मानू. "कमाल a किंवा त्याहून अधिक आहे" आणि "T हा t च्या आत आहे" या दोन विधानांचा अर्थ एकच आहे.

आता अखेरच्या क्षणी मार्ग a च्या वर आहे असे समजा. तो शून्यापासून निघाला होता आणि कुठेही तुटलेला नाही, त्याअर्थी वर जाताना तो a मधून गेलाच असला पाहिजे. म्हणून अखेरीस वर असलेला प्रत्येक मार्ग हा वाटेत a ला टेकलेला मार्ग असतोच. प्रश्न उरतो तो एवढाच, की टेकलेल्या मार्गांपैकी किती मार्ग अखेरीस वर असतात.

T या क्षणी मार्ग नेमका a वर उभा असतो. तेथून पुढचा प्रवास म्हणजे a पासून नव्याने निघालेली ब्राउनीय गतीच, आणि आधी काय घडले याच्याशी तिचा काहीही संबंध नसतो. ही नवी गती वर आणि खाली सारखीच जाते, त्यामुळे उरलेल्या वेळेच्या अखेरीस ती a च्या वर असण्याची संभाव्यता १/२ असते. उरलेला वेळ किती आहे याने या १/२ मध्ये फरक पडत नाही, आणि युक्तिवादाचे सारे बळ येथेच आहे. T पहिल्या दिवशी येवो वा चोविसाव्या दिवशी, निम्मे मार्ग वर आणि निम्मे खाली हीच वाटणी होते. म्हणून P(W_t ≥ a) = ½ · P(T ≤ t), आणि बाजू बदलली की पहिल्या प्रश्नातील सूत्र मिळते.

चित्राने सांगायचे तर a या पातळीवर आडवा आरसा धरावा आणि T नंतरचा मार्ग त्यात उलटा करावा. खाली संपणाऱ्या प्रत्येक मार्गाला वर संपणारा एक जोडीदार मिळतो, आणि दोघांची शक्यता सारखीच असते. नेमके a वर संपणारे मार्ग कोणत्या गटात मोजायचे, ही शंका बऱ्याच विद्यार्थ्यांना येते. सतत वितरणात त्या घटनेची संभाव्यता शून्य असल्याने येथे तो प्रश्न उद्भवत नाही. टप्प्याटप्प्याच्या चालीत मात्र उद्भवतो, ते प्रश्न १० मध्ये पाहा.

४. सोयाबीनच्या उदाहरणात हे आकड्यांनी कसे मांडायचे?

भावातील एका दिवसाच्या बदलाचे प्रमाण विचलन ६० रुपये आहे आणि भावाला वर किंवा खाली जाण्याचा कोणताही ठरलेला कल नाही असे समजू. प्रचरण दिवसांच्या संख्येबरोबर वाढते, म्हणून प्रमाण विचलन दिवसांच्या वर्गमुळाबरोबर वाढते. २५ दिवसांचे प्रमाण विचलन ६० × ५ = ३०० रुपये झाले. पातळी आजच्या भावापासून ४,८०० − ४,५०० = ३०० रुपये वर आहे, म्हणजे बरोबर एक प्रमाण विचलन दूर.

प्रसामान्य कोष्टकात एक प्रमाण विचलनाच्या वर असण्याची संभाव्यता ०.१५८७ आहे. पंचविसाव्या दिवशी भाव ४,८०० च्या वर असण्याची ही संभाव्यता. वाटेत कधीतरी ४,८०० ला टेकण्याची संभाव्यता तिच्या दुप्पट, म्हणजे ०.३१७३, अर्थात सुमारे ३२ टक्के आहे.

गोदामात माल ठेवून "४,८०० आला की विकायचा" असे ठरवणाऱ्यासाठी दुसरा आकडा कामाचा आहे, पहिला नाही. माझ्याकडे येणाऱ्या उत्तरपत्रिकांसारख्या लेखनात सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच, की प्रश्न "कधीतरी"चा असतो आणि उत्तर "अखेरच्या दिवशी"चे दिलेले असते. उत्तर नेमके निम्मे आले असेल तर आधी ही चूक तपासावी.

५. पातळी शून्य किंवा ऋण असेल तर? आणि किमान मूल्यासाठी काय करायचे?

मार्ग शून्यापासूनच सुरू होत असल्याने शून्य किंवा त्याखालील पातळीसाठी कमाल ती पातळी ओलांडण्याची संभाव्यता १ आहे. सूत्रात ऋण a घातला तर उत्तर १ पेक्षा मोठे येते, आणि सूत्र चुकीच्या ठिकाणी वापरल्याची ती खूण आहे. किमान मूल्यासाठी मार्ग उलटा करावा: −a च्या खाली कधीतरी जाण्याची संभाव्यताही 2 · P(W_t ≥ a) एवढीच असते.

६. आरसा पहिल्याच स्पर्शापासून का धरायचा? शेवटच्या स्पर्शापासून किंवा कमाल गाठली त्या क्षणापासून का नाही?

हा प्रश्न मला या पानावरील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तत्त्व पाठ असूनही समजलेले नाही हे येथेच उघड होते.

पहिल्या स्पर्शाचा क्षण ओळखण्यासाठी पुढे काय होणार हे माहीत असावे लागत नाही. भाव ४,८०० ला टेकला की मोंढ्यात उभा असलेला माणूस त्याच क्षणी सांगू शकतो, की "आज पहिल्यांदा टेकला". असा क्षण, ज्याच्याबद्दलचा निर्णय केवळ तोपर्यंतच्या माहितीवर घेता येतो, त्याला थांबवेळ म्हणतात. थांबवेळेपासून पुढे ब्राउनीय गती नव्याने सुरू होते, या गुणाला प्रबळ मार्कोव्ह गुणधर्म म्हणतात आणि प्रश्न ३ मधील १/२ त्यातूनच येते.

शेवटच्या स्पर्शाचे तसे नाही. "हा शेवटचा" असे म्हणायला पुढील सर्व दिवस पाहावे लागतात. त्या क्षणानंतर मार्ग a ला पुन्हा टेकतच नाही हे आपण आधीच गृहीत धरलेले असते, आणि ब्राउनीय गती तर कोणत्याही पातळीवरून निघाल्यावर लगेचच, कितीही लहान काळात, त्या पातळीला अनंत वेळा परत येते. त्यामुळे शेवटच्या स्पर्शानंतरचा मार्ग ब्राउनीय गती नसतो. कमाल गाठल्याच्या क्षणाची स्थिती आणखी स्पष्ट आहे: त्यानंतर मार्ग त्या उंचीच्या वर जातच नाही, मग वर आणि खाली निम्मे-निम्मे कसे होणार? तेथून आरसा धरला तर उलटलेला मार्ग सतत वरच राहतो आणि दुपटीचा युक्तिवाद कोसळतो.

आपल्या सिद्धतेत ज्या क्षणापासून परावर्तन केले आहे, तो क्षण ओळखायला भविष्य पाहावे लागते का, एवढी एकच कसोटी लावावी. लागत असेल तर सिद्धता अपुरी आहे, उत्तर योगायोगाने बरोबर आले असले तरीही.

७. भाव ४,८०० ला टेकून पुन्हा खाली उतरण्याची संभाव्यता यातून मिळते का?

मिळते, आणि परावर्तनाची खरी ताकद येथे दिसते. b हे a पेक्षा मोठे नसेल, तर

P(M_t ≥ a, W_t ≤ b) = P(W_t ≥ 2a − b)

कारण a ला टेकून b च्या खाली संपणारा मार्ग T पासून उलटा केला की तो 2a − b च्या वर संपतो, आणि 2a − b च्या वर संपणारा प्रत्येक मार्ग a मधून गेलेलाच असतो.

आपल्या उदाहरणात "४,८०० ला टेकला, पण पंचविसाव्या दिवशी आजच्या भावापेक्षाही खाली आला" ही घटना घेऊ. येथे a = ३०० आणि b = ०, म्हणून 2a − b = ६००, म्हणजे दोन प्रमाण विचलने. संभाव्यता ०.०२२८ येते. टेकण्याची एकूण संभाव्यता ०.३१७३ असल्याने, टेकलेल्या मार्गांपैकी सुमारे ७ टक्के मार्ग आजच्या भावाच्याही खाली घसरून संपतात. मर्यादा ४,६५० ची घेतली, म्हणजे b = १५०, तर 2a − b = ४५० ही दीड प्रमाण विचलने होतात आणि संभाव्यता ०.०६६८ मिळते, टेकलेल्यांपैकी हे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे. b = a घेतले की प्रश्न ३ मधील निम्मा भाग परत मिळतो. कमाल आणि अखेरचे मूल्य यांचे संयुक्त वितरण याच एका ओळीत सामावलेले आहे.

८. मग ४,८०० गाठायला साधारण किती दिवस लागतील?

येथे सरासरी आणि मध्यक यांत फार सावध राहावे लागते. T ≤ t ही घटना आणि M_t ≥ a ही घटना एकच असल्याने टेकण्याच्या वेळेचे वितरण आपल्या हातात आलेच आहे. मध्यक काढायचा तर P(T ≤ t) = ½ मांडावे, म्हणजे P(W_t ≥ a) = ¼. प्रसामान्य वितरणात वरच्या बाजूला एक चतुर्थांश भाग सोडणारे मूल्य ०.६७४५ आहे. म्हणून a/(σ√t) = ०.६७४५, आणि a/σ = ३००/६० = ५ असल्याने t सुमारे ५५ दिवस येतो.

मात्र सरासरी वेळ अनंत आहे. मार्ग कधी ना कधी a ला नक्की टेकतो, म्हणजे t वाढवत नेला की संभाव्यता १ कडे जाते. तरीही काही मार्ग आधी खोल खाली जातात आणि त्यांना परतायला इतका वेळ लागतो की सरासरी कोणत्याही सांत संख्येवर थांबत नाही. संगणकावर अनुकरण करून "सरासरी इतके दिवस" असा आकडा मिळाला असेल, तर तो आकडा तुम्ही अनुकरण किती दिवसांवर थांबवले एवढेच सांगतो. ती मर्यादा दुप्पट करून पाहा, सरासरीही वाढेल.

९. भावाला घसरणीचा किंवा चढाचा कल असेल तरी दुप्पट करायचे का?

करू नये. आवकेच्या महिन्यांत भाव रोज सरासरी ४ रुपयांनी उतरत आहे असे समजा. आता a वरून निघालेला मार्ग वर आणि खाली सारखा जात नाही. त्याचे प्रतिबिंब उलट्या कलाचे असते, आणि दोघांची शक्यता सारखी राहत नाही. ती विषमता भरून काढायला एक वजन लागते. एका दिवसाचा कल μ असेल तर

P(M_t ≥ a) = Φ((μt − a)/(σ√t)) + e^(2μa/σ²) · Φ((−a − μt)/(σ√t))

येथे Φ(z) म्हणजे प्रमाणित प्रसामान्य चलाचे मूल्य z पेक्षा जास्त नसण्याची संभाव्यता. पहिले पद अखेरीस वर असलेल्या मार्गांचे आहे, दुसरे पद टेकून खाली आलेल्यांचे. μ = 0 घातले की वजन १ होते, दोन्ही पदे सारखी होतात आणि दुप्पट परत मिळते.

μ = −४ साठी २५ दिवसांत एकूण घसरण १०० रुपये. पहिले पद Φ(−१.३३३) = ०.०९१२. वजन e^(−०.६६७) = ०.५१३४ आणि त्याच्यासोबतचे Φ(−०.६६७) = ०.२५२५, त्यांचा गुणाकार ०.१२९६. बेरीज ०.२२०८. नुसते दुप्पट केले असते तर ०.१८२४ मिळाले असते. कल चढता, म्हणजे μ = +४, असेल तर बरोबर उत्तर ०.४३०१ येते आणि दुपटीचे उत्तर ०.५०५०. चूक कोणत्या दिशेने होते हेही यात दिसते: घसरत्या कलात दुप्पट कमी पडते, चढत्या कलात जास्त होते. कारण सरळ आहे. घसरणीच्या काळात टेकलेला भाव तेथे टिकत नाही, त्यामुळे टेकून खाली आलेले मार्ग वर राहिलेल्यांपेक्षा संख्येने अधिक असतात.

१०. आमच्याकडे भावाची नोंद दिवसातून एकदाच होते. सूत्र तसेच लागू होते का?

तसेच लावले तर उत्तर मोठे येते. सूत्र प्रत्येक क्षणी मार्गाकडे पाहते. दिवसातून एकदाच पाहणाऱ्याला दोन नोंदींच्या मधले स्पर्श दिसत नाहीत, म्हणून त्याने पाहिलेली कमाल खऱ्या कमालीपेक्षा कमीच असते.

यावर एक सोपी दुरुस्ती आहे. पातळी ०.५८२६ × σ × √(नोंदींमधील अंतर) एवढी वर सरकवावी आणि मग तेच सततचे सूत्र वापरावे. नोंदीत भाव a च्या वर पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो नेमका a वर नसतो, थोडा पुढे गेलेला असतो, आणि त्या पुढे जाण्याच्या सरासरीतून हा स्थिरांक येतो. आपल्या उदाहरणात सरकवणूक ०.५८२६ × ६० म्हणजे सुमारे ३५ रुपये. पातळी ३०० ऐवजी ३३५, म्हणजे १.११७ प्रमाण विचलने. वरची संभाव्यता ०.१३२ आणि दुप्पट ०.२६४. सततच्या ०.३१७ च्या तुलनेत हा फरक थोडा नाही. अंतर एका तासाचे झाले तरी फरक उरतो, कारण तो अंतराच्या वर्गमुळाच्या वेगानेच कमी होतो.

नाणेफेकीसारख्या, प्रत्येक टप्प्याला +१ किंवा −१ जाणाऱ्या चालीत मात्र पातळी पूर्णांक असेल तर ती ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि तेथे परावर्तन अचूक चालते. फक्त नेमके a वर संपणारे मार्ग दोनदा मोजले जाऊ नयेत, म्हणून सूत्र P(M_n ≥ a) = 2 · P(S_n ≥ a) − P(S_n = a) असे लिहावे लागते.

११. वरची आणि खालची, दोन्ही पातळ्या असतील तर संभाव्यता चौपट होते का?

होत नाही, आणि लहान पातळ्यांवर ही चूक लगेच पकडता येते. भाव २५ दिवसांत ४,३५० किंवा ४,६५० यांपैकी एकाला तरी टेकेल, ही घटना घ्या. दोन्ही पातळ्या अर्ध्या प्रमाण विचलनावर आहेत, कोष्टकातील ०.३०८५ ची चौपट १.२३४ येते, आणि संभाव्यता १ पेक्षा मोठी असू शकत नाही. दोन्ही पातळ्यांना टेकणारे मार्ग दोनदा मोजले गेले हे कारण. ते वजा करताना काही मार्ग जास्त वजा होतात, मग पुन्हा मिळवावे लागतात, आणि अशी एकाआड एक चिन्हांची अनंत श्रेणी तयार होते:

P = 4 · [Q(c) − Q(3c) + Q(5c) − Q(7c) + …]

येथे Q ही प्रसामान्य वितरणातील वरची संभाव्यता आणि c = a/(σ√t). c = ०.५ साठी पहिली चार पदे घेतली की ०.९९०८ मिळते. ४,२०० आणि ४,८०० या पातळ्यांसाठी c = १; चौपट ०.६३४६ आणि अचूक उत्तर ०.६२९२. पातळ्या दूर असतील तर चौपट जवळपास बरोबर येते, आणि त्यामुळेच ही चूक अनेकदा लक्षात येत नाही.

१२. मला फक्त उत्तरार्धातील कमाल हवी आहे. उरलेला काळ सूत्रात घातला तर चालेल का?

चालणार नाही. कालखंड s ते t असेल तर s या क्षणी मार्ग शून्यावर नसतो. तो कुठे आहे हेच अनिश्चित असते. s ला मार्ग a च्या वर असेल तर घटना घडलीच आहे. तो a च्या खाली x वर असेल तर तेथून a − x अंतर t − s वेळात कापण्याची संभाव्यता पहिल्या प्रश्नातील सूत्राने काढावी, आणि s ला x असण्याच्या घनतेने तिची वजनी सरासरी घ्यावी. हे संकलन सहसा संगणकावरच करावे लागते.

एक सुरेख अपवाद आहे. s आणि t यांच्या दरम्यान मार्ग आरंभबिंदूला पुन्हा टेकण्याची संभाव्यता (2/π) · arccos √(s/t) एवढ्या सोप्या रूपात मिळते. s हा t च्या निम्मा असेल तर ती बरोबर ½ येते, आणि s हा t च्या पाव असेल तर ⅔.

१३. भाव टक्केवारीने बदलतो, शिवाय कधी एकदम उडी मारतो. तेव्हा काय?

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली किरकोळ आहे. बदल टक्केवारीत मोजायचा तर भावाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा; तो ब्राउनीय गतीप्रमाणे चालतो, पण त्याला −σ²/2 एवढा कल जोडला जातो, म्हणून प्रश्न ९ चे सूत्र लागते. भाव सरासरीने स्थिर असेल तर तेथील वजन थेट आजचा भाव भागिले पातळी एवढे होते, येथे ४,५०० / ४,८०० = ०.९३७५. आपल्या उदाहरणात रोजचे प्रमाण विचलन ६०/४,५०० धरून उत्तर ०.३२२ येते. २५ दिवसांसाठी हा फरक नगण्य आहे. वर्षभराच्या काळासाठी तसा राहत नाही.

दुसरी अडचण मूळ युक्तिवादालाच धक्का देते. आयात शुल्काचा निर्णय रात्री जाहीर झाला आणि सकाळी पहिला सौदाच ४,९०० ला झाला, तर भाव ४,८०० वर कधी उभाच नव्हता. प्रश्न ३ मध्ये "T या क्षणी मार्ग नेमका a वर असतो" असे म्हटले होते. ते आता खोटे ठरते. ४,९०० वरून निघालेला मार्ग अखेरीस ४,८०० च्या वर असण्याची संभाव्यता १/२ पेक्षा जास्त असते, त्यामुळे ओलांडण्याची संभाव्यता दुपटीपेक्षा कमी भरते. नोंदींत हे ओळखायचे तर पातळी ओलांडणाऱ्या दिवसांकडे पाहावे: भाव पातळीच्या किती पुढे गेला ते अंतर एका दिवसाच्या प्रमाण विचलनाहून वारंवार मोठे असेल, तर परावर्तनाचे उत्तर त्या आकडेवारीला लावू नये.

१४. हे तत्त्व कोणाचे?

मतमोजणीच्या एका कोड्यावर १८८७ मध्ये बर्ट्रांड आणि देझिरे आंद्रे यांनी लिहिले, आणि परावर्तन बहुधा आंद्रे यांच्या नावे सांगितले जाते. पण त्यांच्या स्वतःच्या सिद्धतेत आरसा नाही. सतत मार्गासाठी दुपटीचा निष्कर्ष लुई बाशेलिए यांनी पॅरिसमधील आपल्या १९०० च्या प्रबंधात, रोखेबाजारातील भावांचा विचार करताना मांडला. नॉर्बर्ट वीनर यांनी ब्राउनीय गतीची काटेकोर गणिती रचना १९२३ मध्ये दिली, म्हणजे निष्कर्ष आधी आला आणि त्याचा पाया नंतर. प्रश्न ६ मधील प्रबळ मार्कोव्ह गुणधर्माची पूर्ण सिद्धता तर १९५० च्या दशकातील आहे.

१५. संगणकावर पडताळले तर ०.३१७ ऐवजी ०.२६ येते. सूत्र चुकले की प्रोग्राम?

दोन्ही बरोबर आहेत. प्रोग्राम दिवसातून एकदा पाहतो आणि त्याला प्रश्न १० मधील उत्तर मिळते. टप्पे हजारपट करण्यापेक्षा चांगला उपाय असा, की लागोपाठच्या दोन नोंदी x आणि y, दोन्ही a च्या खाली, माहीत असताना मधल्या काळात मार्ग a ला टेकला असण्याची संभाव्यता अचूक काढता येते. d हे दोन नोंदींतील अंतर मानले तर ती e^(−2(a−x)(a−y)/(σ²d)) आहे, आणि तीही परावर्तनातूनच येते: प्रश्न ७ मधील सूत्र अखेरच्या मूल्याच्या घनतेने भागावे.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
n, N, sigma, a = 25, 200000, 60, 300
W = np.cumsum(rng.normal(0, sigma, (N, n)), axis=1)
print((W.max(axis=1) >= a).mean())
X = np.hstack([np.zeros((N, 1)), W])
g = np.maximum(a - X, 0)
miss = 1 - np.exp(-2 * g[:, :-1] * g[:, 1:] / sigma**2)
print(1 - miss.prod(axis=1).mean())
```

पहिली ओळ ०.२६ च्या जवळचा आकडा छापते आणि दुसरी ०.३१७ च्या जवळचा. दोन लाख मार्ग घेतल्यास तिसऱ्या दशांशस्थळी थोडा फरक राहील, तो स्वाभाविक आहे. मधल्या काळाचा वाटा किती मोठा असतो ते एका जोडीवरून पाहा. काल ४,७८० आणि आज ४,७७० अशी नोंद असेल, तर पातळीपासूनची अंतरे २० आणि ३० रुपये; घातांक −२ × २० × ३० / ३,६०० = −०.३३३, आणि संभाव्यता ०.७१७. नोंदवहीत ४,८०० कुठेच दिसत नाही, तरी भाव सतत मार्गाने चालत असेल तर या दोन नोंदींच्या मध्ये तो तेथे पोचून आला असण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आहे.